वरील मजकूर खरा आहे

उशांचे अभ्रे बदलायला घेतले होते. एक उशी हनुवटीखाली धरलेली, अभ्रा अर्धाच चढलेला, आणि दारात किल्लीवाले भावोजी उभे. इस्त्रीचा सदरा, केस पाणी लावून चापून बसवलेले.

"वहिनी, येता ना? तुम्ही बरोबर असलात की मला धीर राहील. ऑफिस म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते."

उशी तशीच पलंगावर टाकली, देवाला हात जोडले आणि निघाले.

भावोजी म्हणजे आमच्या शेजारचे. नात्याचे नव्हेत, पण त्यांची बायको माझी जिवाभावाची मैत्रीण होती, म्हणून ते भावोजी आणि मी वहिनी. पूर्वी त्यांचं कुलपांचं दुकान होतं, पाटी आणि काचेचं कपाट असलेलं. बायकोच्या आजारपणात दुकान विकलं. ती गेली, दुकानही गेलं. आता बँकेच्या भिंतीला टेकून टेबल टाकतात आणि किल्ल्या घासतात. माणूस मोठा संशयी. किल्ली हरवली म्हणून कुणी बोलवायला आलं, तर शेजारच्याने "हो, घर यांचंच" म्हटल्याशिवाय कुलपाला हात लावत नाहीत. एकदा खुद्द पोस्टमनला त्याच्याच दारात ताटकळत ठेवलं होतं. "टोपी कुणीही घालतो," म्हणाले होते.

त्यांची एकुलती एक मुलगी पिंगी. तिला औषधनिर्माणशास्त्राला प्रवेश मिळाला, आणि फीसाठी इथल्या शिक्षण संस्थेच्या शिष्यवृत्तीला अर्ज करायचं ठरलं. अर्जासोबत स्वतःच्या अक्षरात, मराठीत, एक पानाचं निवेदन हवं होतं: घरची परिस्थिती, आजवरचं शिक्षण, पुढे काय करायचं आहे आणि मदत का हवी. खाली विद्यार्थ्याची सही, आणि त्याखाली 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे' या ओळीपुढे पालकाची.

पहिला कच्चा मसुदा पिंगीने मला दाखवला होता. सुरुवातच होती, 'विश्वस्तांच्या चरणी शतशः वंदन'.

"अगं, चरण देवाचे," मी म्हटलं. "ही माणसं आहेत, खुर्चीवर बसतात. 'माननीय विश्वस्त मंडळ यांस सादर नमस्कार' एवढं पुरे. मान द्यावा, लोटांगण घालू नये."

ती हसली. "काकू, मला वाटलं तुम्हाला चरण आवडतील."

पण बाकीचं तिनं छान लिहिलं होतं. 'आईच्या दीर्घ आजारपणात वडिलांना दुकान विकावे लागले. तिच्या गोळ्यांच्या वेळा मी सांभाळत असे. औषधाविषयीची माझी ओढ तिथून सुरू झाली.' हे वाचताना मला चष्मा काढून पुसावा लागला. एक शब्द बदलू नकोस, म्हणून मी तिला परत पाठवलं.

आज मुलाखत होती, पालकांनाही बोलावलं होतं. संस्थेचं कार्यालय वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आहे. जिना चढताना भावोजी दर वळणावर सदऱ्याची कॉलर सारखी करत होते. पिंगी पुढे, फाईल छातीशी धरून. सकाळपासून ती माझ्याशी धड बोलली नव्हती. मला वाटलं, धास्तावली असेल.

लांब टेबलामागे तिघं बसली होती. मधल्या अध्यक्षबाई, पांढऱ्या केसांच्या, बोलायला मऊ. पिंगीला त्यांनी गुणांबद्दल, कॉलेजबद्दल विचारलं. तिनं नीट उत्तरं दिली. मग बाईंनी निवेदनाचा कागद वर घेतला आणि भावोजींकडे पाहिलं.

"तुमच्या मुलीनं फार धीटपणे लिहिलंय. असं लिहायला हिंमत लागते." आणि त्या वाचू लागल्या, "'माझे वडील दीर्घकाळ व्यसनाधीन होते. त्यामुळे कुटुंबाची आर्थिक घडी पूर्णपणे विस्कटली व दुकान गमवावे लागले. अशा परिस्थितीतही मी शिक्षणाची कास सोडली नाही.'"

कागद खाली ठेवून त्यांनी विचारलं, "आता कसं आहे? सुटलं का?"

माझ्या तोंडातून "अहो" एवढंच निघालं. भावोजींना चहाखेरीज कशाची सवय नाही, आणि तोही बिनसाखरेचा. त्यांनी पिंगीकडे पाहिलं. ती टेबलाच्या कडेकडे बघत होती. बाईंनी कागद त्यांच्यासमोर सरकवला. 'वरील मजकूर खरा आहे', आणि पुढे त्यांची सही, वळणदार, पूर्ण नावाची.

"सुटलं, बाई," भावोजी म्हणाले. "बरेच दिवस झाले."

"फार चांगलं. मग व्यसनमुक्ती केंद्राचं एखादं पत्र मिळालं तर आणून द्या. पुढच्या बैठकीपूर्वी हवं. तेवढं फाईलला लावतो."

"देतो," भावोजी म्हणाले. जीभ टाळूला चिकटली नाही त्यांची.

खाली उतरल्यावर मी पिंगीचा दंड धरला. "आई कुठे गेली तुझ्या निवेदनातून?"

"क्लासच्या सरांनी काढायला लावलं. आजारपण सगळेच लिहितात म्हणाले. वाचून वाचून विश्वस्तांना कंटाळा येतो. काहीतरी वेगळं पाहिजे." ती रडायला लागली. "नुसता एक शब्द तर होता, काकू. बाबांना बोलावतील असं कुठे वाटलं होतं मला."

"आणि सही?"

उत्तर भावोजींनी दिलं. "गिऱ्हाईक होतं समोर. ही म्हणाली, बाबा इथे सही करा. केली." ते हसल्यासारखं करून पुढे म्हणाले, "अख्ख्या गावाला साक्षीदार मागतो मी. हिला मागितला नाही."

मग ते सरळ आपल्या टेबलाकडे चालू लागले, आमच्यासाठी न थांबता.

संध्याकाळी पिंगी माझ्याकडे आली. कुठल्याशा केंद्रातल्या ओळखीच्या माणसाकडून पत्र मिळतं, असं सर म्हणालेत, असं सांगू लागली. मी म्हटलं, "या घरात ते बोलू नकोस. देवापुढे बसते मी रोज, तोंड दाखवायचंय मला." शिष्यवृत्ती जाईल, ती म्हणाली. जाईलही, मी म्हटलं, ते मी नाकारत नाही. पण तुझी आई दोनदा जायला नको.

ती जमिनीवर बसली. मग कोरा कागद मागितला. मी सांगितलं नाही, तिनंच लिहिलं:

'माननीय अध्यक्ष, विश्वस्त मंडळ यांस सादर नमस्कार. पूर्वी सादर केलेल्या निवेदनात वडिलांविषयी मी लिहिलेला मजकूर असत्य आहे. माझ्या वडिलांना कोणतेही व्यसन नव्हते व नाही. मुलाखतीत त्यांनी मला सांभाळून घेण्यासाठी होकार दिला. दुकान आईच्या उपचारांसाठी विकले गेले. झालेल्या चुकीबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. सुधारित निवेदन सोबत जोडले आहे. त्याचा विचार व्हावा, ही नम्र विनंती. मंडळाचा जो निर्णय होईल तो मला मान्य असेल.'

सोबत तो जुना मसुदा, स्वच्छ उतरवलेला. आईच्या गोळ्यांसकट.

दोन्ही कागद घेऊन आम्ही शेजारी गेलो. भावोजी जेवून उठले होते. पिंगीने कागद पुढे केले, पेनही उघडून दिलं. "बाबा, इथे सही."

भावोजींनी पेनाचं टोपण लावलं. खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून चष्मा काढला आणि दिव्याखाली जाऊन बसले. पहिली ओळ बोट ठेवून वाचली. मग परत वाचली.

"बाबा, मीच लिहिलंय," पिंगी म्हणाली.

"हो ना," ते म्हणाले. "म्हणूनच वाचतोय. ठेव इथे. वाचून झालं की बघतो."

आवाज चढला नव्हता, कडवटही नव्हता. दारात अनोळखी गिऱ्हाईक उभं असलं की बोलतात तसंच बोलले. पिंगी मागे सरकली.

घरी येऊन मी राहिलेले अभ्रे चढवले. उद्या सकाळी बँकेच्या भिंतीपाशी जाऊन भावोजींकडून कागद घ्यायचे, आणि सही असेल तर ते संस्थेच्या कार्यालयात नेऊन द्यायचे.