अंबाड्यावरचा गजरा

बाजारातले सगळे फोटोवाले त्याला ‘गजरेवाला’ म्हणत. तो फुलं विकत नव्हता. फोटोत ज्या बाईच्या केसांत गजरा नसेल तिच्या केसांत तो कॉम्प्युटरवर गजरा घालून द्यायचा आणि इतका बेमालूम घालायचा, की बघणाऱ्याला वास यायचाच बाकी. पंचवीस वर्षं हेच केलं त्यानं. आधी ब्रश आणि रंग घेऊन, मग माउस धरून. दुसऱ्यांच्या आया, मावश्या, सासवा, सगळ्यांना त्यानं नटवलं. आणि त्या दिवशी स्वतःच्या आईच्या फोटोशी सकाळपासून झटापट चालली होती, तरी गजरा काही बसेना.

बसेना म्हणजे आप्पांच्या मनात बसेना. आप्पा म्हणजे त्याचे वडील. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, त्यामुळे नजर सुईसारखी आणि तोंडात कौतुक औषधालाही नाही. पोरगा पहिला आला तरी “हं” आणि नापास झाला तरी “हं”. आई जाऊन आठ महिने झाले होते. भिंतीवर लावायला तिचा फोटो हवा होता आणि त्यात गजरा हवा, हा हट्ट आप्पांचाच. कुणाच्या तरी लग्नातल्या जुन्या फोटोतून त्यानं आईला वेगळं काढलं होतं. मान जराशी वळलेली, कानामागे अंबाडा दिसतोय, चेहऱ्यावर डावीकडच्या खिडकीचा उजेड. “मी शेजारी बसतो,” असं म्हणून आप्पा दहा वाजताच स्टुडिओत येऊन स्टुलावर बसले होते. आज तरी यांच्या तोंडून ‘जमलं’ एवढा एक शब्द ऐकायचाच, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

पहिला गजरा त्यानं आपल्या साठ्यातला लावला. असे चाळीस गजरे त्याच्याकडे तयार होते.

“खिळ्याला अडकवल्यासारखा दिसतोय,” आप्पा म्हणाले.

म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर चीड आणणारी गोष्ट. गजरा समोरून काढलेला, सपाट. त्यानं मग तो वाकवला, अंबाड्याच्या गोलाईवरून वळवला.

“आता बांगडी दिसतेय.”

“अहो आप्पा, वाकवला ना!”

“नुसता वाकवून होतंय का? बाहीचं कापड खांद्यावरून पलीकडे जातं तेव्हा पलीकडची पट्टी अरुंद दिसते. तुझी फुलं पलीकडे जाऊनही तेवढीच्या तेवढी!”

आता याला काय म्हणायचं? ज्या माणसानं आयुष्यात कधी माउसला हात लावला नाही, तो गजरेवाल्याला गजरा शिकवतोय आणि वर बरोबर शिकवतोय. त्यानं दात आवळून पलीकडची फुलं बारीक केली, एकमेकांजवळ दाटली, शेवटचं टोक अंबाड्याच्या आड घालवलं. गोलाई आली. तरी गजरा केसांवर ठेवल्यासारखा दिसत होता, केसांत माळल्यासारखा नाही. त्यानं खाली सावली दिली, तर आप्पा म्हणाले, “काजळ सांडलंय का?” सावली पातळ केली, काळ्याऐवजी केसांच्या तपकिरीतली घेतली. तेव्हा म्हणाले, “उजेड डावीकडून येतोय आणि तुझी फुलं उजवीकडून चमकतायत. आंधळा आहेस का?”

त्याचं डोकं फिरलं. माउस आपटला. “मग तुम्हीच करा!”

“मला येत असतं तर तुझ्याकडे कशाला आलो असतो?”

तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन आली. नवऱ्याचा लालबुंद चेहरा बघून तिनं काय ते ओळखलं. “अहो, खरा गजरा आणा की. माझ्या केसांत घाला आणि काढा फोटो. उगाच सकाळपासून जीव काय खाताय एकमेकांचा!”

एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये, याचाही त्याला रागच आला. पण उठला. कोपऱ्यावरच्या फुलवालीकडून गजरा आणला, बायकोला खिडकीपाशी बसवलं, उजेड डावीकडून येईल असा. आईची मान होती तेवढीच तिची वळवली. आणि गजरा घालायला गेला, तर हात अडखळायला लागले. हजारो गजरे घातलेला माणूस, पण खऱ्या केसांत एकही नाही!

“आकडा दोऱ्यातून घ्या, फुलातून नको. आणि टोक आत खुपसा. अगं बाई, टोचताय किती!” बायको हसायला लागली. “चला, फोटोसाठी का होईना, वीस वर्षांनी एक गजरा आणलात म्हणायचा.”

आप्पा स्टुलावर बसून बघत होते. या वेळी त्यांनी काही खोड काढली नाही. डबाही तसाच राहिला त्यांचा.

फोटो काढल्यावर मात्र काम झरझर झालं. पलीकडची फुलं आपोआप बारीक होती, उजवीकडून करडी होती, दोऱ्याला फुलांच्या भारानं आलेला बाक होता. त्यानं त्यांचा पांढरेपणा कमी करून जुन्या फोटोचा पिवळटपणा दिला, फोटोतले बारीक दाणेही दिले. मग शेवटचं, सगळ्यांत किचकट काम. आईच्याच केसांचा रंग उचलून तो एकेक बट फुलांवरून ओढू लागला, अंबाड्याचे केस ज्या दिशेनं वळले होते त्याच दिशेनं. कुठे एक केस पाकळीवर, कुठे दोन फुलांच्या मधून आत. मानेवरची एक चुकार बट गजऱ्याखालून बाहेर काढली. चार वाजले. त्यानं खुर्ची मागे सरकवून बघितलं. आईनं गजरा माळला होता. आत्ताच माळून कुणाशी तरी बोलायला वळली होती.

“बघा,” तो म्हणाला.

आप्पा उठून पुढे आले. चष्मा पुसला. बराच वेळ बघितलं.

“काढ तो.”

“काय?”

“गजरा. काढून टाक.”

आता मात्र त्याचा तोल सुटला. “सकाळपासून घाल घाल म्हणून डोकं खाल्लंत! आता जमलाय तर काढ? कुठे चुकलंय ते तरी सांगा. दाखवा बोट!”

“चुकलेलं नाही कुठे.” आप्पांचा आवाज एकदम बारीक झाला. “मघापर्यंत चिकटवलेला दिसत होता तोवर ठीक होतं रे. म्हटलं, पोरानं हौसेनं चिकटवलाय. आता जो बघेल तो म्हणेल, नवरा आणत होता हिला गजरे.” त्यांनी पुन्हा चष्मा काढला. “मी एकही आणला नाही. मागायची बिचारी सुरुवातीला. चहाच्या कपाएवढेही पैसे पडत नाहीत हो त्याला, म्हणायची. पुढं मागणंच सोडलं तिनं.”

बायकोनं मान फिरवली. त्यानं माउस पुन्हा हातात घेतला. रागवायचं तरी कोणावर?

त्यानं फुलं घालवली. अंबाड्यावर अधांतरी केस उरले आणि खाली एक वाकडी काळसर रेघ.

“हे काय राहिलं?”

“सावली आहे. वेगळी केली होती. तीही जाते.”

केस गेले, सावली गेली. लग्नातल्या फोटोत होती तशी आई, मोकळा अंबाडा, मान जराशी वळलेली. सहा तासांच्या मेहनतीतलं एक टिंबही त्यात उरलं नव्हतं.

आप्पा पुढे वाकले आणि पडद्याकडे बघत म्हणाले, “हां. आता जमलं.”