कामिनीने सांगितलेलं ‘व्हिजन’

चोपड्यातल्या केळी उत्पादकांच्या गटाने पिकांचं ॲप घेतलं, आणि त्याच्या माहितीच्या पानावरचे इंग्रजी शब्द सोपे करायचं काम गटातल्या कामिनीच्या गळ्यात पडलं. हौस तिलाच दांडगी! तिने गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकलं:

मल्टिमोडल: लिहून, बोलून किंवा फोटो देऊन, कसंही विचारा.
इमेज इनपुट: केळीच्या पानाचा फोटो द्यायची सोय.
व्हिजन: ॲप जाणत्या माणसासारखं बघतं.

ॲपच्या मूळ माहितीत आणखी एक ओळ होती: ‘फोटोत जेवढं दिसेल तेवढंच कळतं, चूकही होते, तज्ज्ञाकडून खात्री करा.’ ती तिने गाळली. माणसं आधीच बुजलेली, त्यात ही भीती कशाला?

केळीची पानं पिवळी पडायला लागली तेव्हा तिच्या शब्दावर गटातल्या भाईदासनानांनी ॲप उघडलं. आपल्याकडे रोग दाखवायचा म्हणजे पान तोडून पिशवीत घालायचं आणि दुकानदारापुढे ठेवायचं. नानांनी तेच केलं. पान घरी आणलं आणि पिवळ्या बल्बखाली फोटो काढला. तोवर ते मलूल होऊन गेलं होतं. ॲप म्हणालं, खताची कमतरता असू शकते, बागेतला फोटो पाठवा. पण जाणत्याने एकदा सांगितल्यावर पुन्हा कोण विचारतं? नानांनी बागेला खत दिलं.

तो निघाला हरण्या, केळीवरचा विषाणूचा रोग. मावा ही कीड तो झाडाझाडांवर नेते, म्हणून रोगट खोडं वेळेवर उपटली तर उरलेली बाग वाचते. नाना खताचा गुण यायची वाट बघत बसले आणि रोग अर्ध्या बागेत पसरला.

हे कळल्यावर कामिनी बागेत गेली तेव्हा खोडं उपटण्याचं काम चालू होतं. नानांच्या सूनबाई, ललिता, खोडं ओढून बांधाबाहेर टाकत होत्या. त्यांनी नुसतं वर पाहिलं आणि पुन्हा वाकल्या. कामिनीला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. एवढीशी ओळ! लिहायला काय जड होती?

तिने तिथेच सगळं सांगून टाकलं. "नाना, ती ओळ मी मुद्दाम गाळली. ॲप बाग बघत नाही, तुम्ही दिलेला फोटो तेवढा बघतं. मला ठाऊक होतं. मला माफ करा."

तिला वाटलं, नाना शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नाना कुदळ टेकून उभे राहिले.

"अगं, ते ॲप काय बघस, काय नही, माले काय समजस?" ते म्हणाले. "मी त्यावर कुठे भरोसा ठेवला? तू लिहिलं व्हतं ना, म्हणून ठेवला."