रामनाथ कारकुनाचा चार

रामनाथ कारकुनाचं स्वतःचं अक्षर त्यांनाही लागत नसे. दुसऱ्याचं मात्र ते चालीवरून माणूस ओळखावा तसं ओळखत. मंचरमधल्या एका शिक्षणसंस्थेत त्यांनी सत्तावीस वर्षं परीक्षांचे गठ्ठे बांधले. २००७ साली संस्थेनं स्कॅनर आणला आणि गठ्ठे माळ्यावर गेले.

त्या वर्षी वसतिगृहाच्या प्रवेशपरीक्षेत इंद्रायणी गैरहजर लागली. पश्चिमेकडच्या डोंगरातली मुलगी. वसतिगृह मिळालं नाही तर शिक्षण दहावीवरच संपणार होतं. निकालाच्या यादीवर चारला सही व्हायची होती. इंद्रायणी वडील सावळेराम यांच्याबरोबर जीपनं अकराला पोचली.

"कंप्युटरात तुझा पेपरच नाय," संगणक चालवणारा अमृत म्हणाला.

"मी लिवलाय की."

"पण त्याला सापडत नाय."

रामनाथांनी हजेरीचा कागद काढला. इंद्रायणीची सही होती. तिचा क्रमांक चौदाशे सत्तावीस. अठराशे सत्तावीससमोर मात्र सही नव्हती, आणि त्याच क्रमांकाला एक्क्याण्णव गुण होते. तो ऋषी, नारायणगावच्या गेणभाऊंचा. परीक्षेच्या दिवशी कावीळ होऊन अंथरुणात होता. गेणभाऊंचे पेढे वाटून झाले होते.

रामनाथ माळ्यावर चढले. अठराशे सत्तावीसची म्हणून ठेवलेली उत्तरपत्रिका हातात आली तेव्हा उलगडा झाला. क्रमांकाच्या चौकटीतले एक, दोन, सात इंग्रजी; चार मात्र मराठी. तिच्या शाळेत असाच मिसळून लिहायची सवय. इंग्रजी आकडेच शिकलेल्या यंत्रानं तो डोकं उघडं राहिलेला आठ म्हणून वाचला होता.

बोलावल्यावर बापलेक आले. गेणभाऊ म्हणाले, "मार्क हायेत म्हंजे पेपर दिला आसंल. मशिन खोटं बोलतं व्हय?"

"आबा, मी घरीच व्हतो," ऋषी म्हणाला.

"तू गप बस."

संस्थेच्या सचिवांना लेखी पुरावा हवा होता. रामनाथांनी इंद्रायणी आणि ऋषीला वेगळ्या टोकांना बसवून उत्तरपत्रिकेतलाच एक परिच्छेद न दाखवता लिहायला सांगितला, भराभर, पानभर. "पहिल्या दोन ओळी कुणीही जपून लिहितं," ते म्हणाले. "हात दमला की माणूस आपलं लिहायला लागतं."

पाचव्या ओळीपासून इंद्रायणीचा 'ल' डावीकडे कलला, शिरोरेघ शब्दाच्या शेवटी सुटू लागली. उत्तरपत्रिकेत तेच, अर्जात तेच. मागून पान चाचपलं तर ओळीच्या शेवटी पेनचा दाबही तसाच. स्कॅनमध्ये तो कुठेच नव्हता. ऋषीची अक्षरं गोल, सुटी, रेघेविना.

"मंग पेढ्यांचं काय?" गेणभाऊ हळूच म्हणाले.

"ते गोडच हायेत भाऊ," सावळेराम म्हणाले.

सचिवांनी फर्मावलं, पुढच्या वर्षीपासून आकडे इंग्रजीतच. यादीतला 'गैरहजर' शेरा खोडून रामनाथांनी पेनानं गुण लिहिले.

"सही स्कॅन करून टाकू?" अमृतनं विचारलं.

"नको. हातानंच करतो."

सहीखाली त्यांनी वेळ घातली, तीन चाळीस. त्यातला चार मराठी होता.