शंका नव्हती म्हणून

बहीण माझ्याहून लहान, पण मॅट्रिक आम्ही एकाच वर्षी झालो. मध्ये आई आजारी पडली तेव्हा माझी शाळा सुटली होती. चिखलीत बाबांचं शिलाईचं दुकान होतं. दोघींनाही अध्यापिका विद्यालयात जायचं होतं आणि त्यासाठी बुलढाण्याला प्रवेशपरीक्षा होती. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती, शाळांमध्ये परीक्षेच्या नव्या पद्धतीचं वारं होतं. तिथे निबंध लिहायचा नव्हता, नुसत्या खुणा करायच्या होत्या.

नियम आधीच कळवला होता. एका प्रश्नाखाली चार पर्याय. बरोबर एक असेल, दोन असतील, चारही असतील. प्रत्येक बरोबर खुणेला एक गुण. पण एक जरी खूण चुकली, तर त्या प्रश्नाचे सगळे गुण गेले.

बहिणीला हे पचेना. मी सरावाला प्रश्न काढला, चुंबक कशाला ओढतो? लोखंड, तांबं, निकेल, ॲल्युमिनियम. तिने लोखंड आणि तांब्यावर खूण केली.

"तांबं काऊन?"

"एकच खूण कशी करू ताई? दोन तरी असतीलच ना."

"किती असतील ते त्याइनं सांगितलं काय? हा एक प्रश्न नाही, चार हायेत. लोखंडाले ओढते का? हो. कर खूण. तांब्याले? माहीत नाही. मंग सोडून दे. नुसतं लोखंड धरलं असतं तर एक गुण होता. आता शून्य."

"आन् निकेल राहून गेलं तर?"

"त्याचा एक गुण जाईन. हातातला तर नाही जाणार."

महिनाभर मी तिच्याकडून हेच करून घेतलं. 'कोणते नाही' असा प्रश्न आला की 'नाही'खाली आधी रेघ मारायला लावली. खुणा कमी दिसतात म्हणून एखादी वाढवायची तिची खोड मोडली.

परीक्षेत एक प्रश्न होता, खालीलपैकी जमिनीखाली वाढणारी खोडं कोणती? बटाटा, रताळं, आलं, हळद. रताळं मूळ आहे, ते सोडलं. बाकी तिघांवर मी खूण केली. हळदीला पेरं असतात, डोळे असतात, डोळ्यातून कोंब फुटतो. वर्गात बाईंनी कापून दाखवलं होतं. त्या दिवशी बहीण तापाने घरी होती. तिने बटाटा आणि आलं धरलं, हळद सोडली.

यादी लागली. बहिणीचं नाव होतं. माझं एका गुणाने गेलं होतं.

बाबांना घेऊन मी विद्यालयात गेले. मुख्याध्यापिका वाईट नव्हत्या. त्यांनी माझा पेपर काढून समोर ठेवला. त्या प्रश्नावर लाल शून्य होतं.

"उत्तरसूचीत बटाटा आणि आलं आहे," त्या म्हणाल्या.

"पण बाई, हळद खोडच आहे."

त्यांनी कपाटातून वनस्पतिशास्त्राचं पुस्तक काढलं, पान शोधलं, वाचलं. मग पुस्तक मिटून जागेवर ठेवलं.

"आहे. पण सूची ठरल्यावर सगळे पेपर त्याच सूचीने तपासलेत. तुझ्यासाठी बदलली तर सगळ्यांचे पुन्हा तपासावे लागतील. यादी लागली आहे, मुलींना पत्रं गेली आहेत."

"हळद मी सोडली असती तर?"

"तर दोन गुण मिळाले असते."

मी बाबांकडे पाहिलं. ते उठून उभे राहिले होते. "एक गेली ना आत," ते म्हणाले. "दोघींले कोण इचारते? चाल."

एसटीत मी त्यांच्या शेजारी बसले नाही.

घरी आई म्हणाली, पुढच्या वर्षी दे. पुढच्या वर्षी मी देऊळगाव राजाला सासरी होते. तिथे परीक्षेचा विषय निघाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पाठची बहीण पास झाली आन् तू नाही?" मी सूचीची गोष्ट सांगायला लागले. त्यांनी अर्ध्यातच विचारलं, "पण नापास ते नापासच ना?"

बहीण पहिल्या सुट्टीत भेटायला आली. सुती पातळ, खांद्याला पिशवी, बाकीच्यांशी बोलणं जरा पुस्तकी झालेलं. मी पोळ्या लाटत होते. ती जवळ बसून म्हणाली, "ताई, तूच मले शिकवलं होतं ना, शंका असली की सोडून द्यायचं. तू काऊन नाही सोडलं?"

तिला टोचायचं नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की मी माझाच नियम विसरले.

"मले शंका नव्हती," मी म्हणाले.

"थोडीशी असती तर बरं झालं असतं."

मी तव्यावरची पोळी उलटली. ती जळली होती. तीच तिच्या ताटात वाढली, आणि तिने ती खाल्ली.