साकुमा-सानचा खालचा सूर

नोरिए साकुमा जपानमधल्या साप्पोरो शहरात, रॉकेलचे हीटर बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार कक्षात पहिल्यांदा फोनवर बसली, तेव्हा गिऱ्हाइकं तिचं पहिलं वाक्यसुद्धा धड ऐकून घेत नसत. "दुसरं कोणी आहे का हो तिकडे? एखादे साहेब?" हा प्रश्न ठरलेला. बाई सांगायची ते खरं असायचं, कंपनीच्या प्रत्येक हीटरची माहिती तिला तोंडपाठ होती. पण आवाज मुळातच बारीक. समोरचा चिडला की तो आणखी वर चढायचा आणि वाक्याचं शेपूट असं थरथरायचं, की "दुरुस्त होईल" हे उत्तर न वाटता तिनंच विचारलेला प्रश्न वाटायचा. माणसं शब्दांआधी सूर ऐकतात. तुम्हीआम्हीही तेच करतो, तेव्हा त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

नवऱ्यापासून वेगळी होऊन, चाळिशी उलटल्यावर मिळालेली ही नोकरी. ती जाणार हे दिसतच होतं. तेव्हा कक्षप्रमुख काझुको हिरात्सुका तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

"नोरिए, तू श्वास कोंडून बोलतेस," ती म्हणाली. "गळा आवळला की सूर वर जाणारच. आधी अर्धा श्वास सोड, मग तोंड उघड. नमस्कार वरच्या पट्टीत कर, खुशाल गोड कर. पण माफी आणि भरवसा नेहमी खालच्या पट्टीत. आणि शेवटचा शब्द खाली ठेवायचा. टेबलावर पेला ठेवतो तसा."

"आणि उत्तर सुचलं नाही तर?"

"तर गप्प बस. 'म्हणजे, ते, काय आहे' असलं काही नको. गप्प बसलेली बाई विचार करतेय असं वाटतं, चाचरणारी बाई लपवतेय असं वाटतं."

वर्षभर दोघी जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभ्या राहून घोकायच्या. हिरात्सुका भडकलेलं गिऱ्हाईक व्हायची, अशा काही शिव्या द्यायची की नोरिएला हसू फुटायचं. हळूहळू नोरिएचा आवाज खाली स्थिरावला. आरडाओरडा करणारी माणसं तिच्याशी बोलून फोन ठेवताना "उगाच त्रास दिला तुम्हाला" म्हणू लागली. जे कोणालाच आवरत नाहीत ते फोन तिच्याकडे येऊ लागले. नोरिए नावापुढे आदराचं 'सान' लावून सगळ्यांना सांगायची, "माझा आवाज हिरात्सुका-सानचा आहे. मी नुसती वापरते." आईबद्दल बोलावं तशी ती तिच्याबद्दल बोलायची, आणि मनापासून बोलायची.

मग ती थंडी आली. नव्या हीटरमधून वास येतो, डोकं दुखतं, अशा तक्रारी सुरू झाल्या. उत्तर वरून ठरून आलं होतं: हंगामाच्या सुरुवातीला आत साठलेली धूळ जळते, त्याचा वास असतो, काळजीचं कारण नाही. धूळ जळते हे खरंच असतं, म्हणून नोरिएला त्यात वावगं वाटलं नाही. समुद्रकाठच्या रुमोई गावचे किरिगाया आजोबा एकटेच राहायचे, त्यांनी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा नोरिएनं अर्धा श्वास सोडून, सावकाश, खालच्या सुरात सांगितलं, "काळजी करू नका. सुरक्षित आहे."

"तुम्ही म्हणताय ना, मग झालं," आजोबा म्हणाले. "तुमचा आवाज ऐकला की बरं वाटतं."

कक्षात मोगी नावाची तरुण मुलगी होती, चांगली तयार झालेली. तीच या हीटरच्या फोनवर अडखळायला लागली. "नक्की ना?" असं गिऱ्हाइकांनी विचारलं की तिचा आवाज वर जायचा, आणि शेवटी फोन नोरिएकडे यायचा. एका दुपारी नोरिएनं तिला चहाच्या यंत्रापाशी गाठलं.

"काय गं, शेपूट कुठे उडतंय तुझं? अर्धा श्वास सोड, शेवटचा शब्द खाली ठेव. एवढं साधं वाक्य आहे!"

मोगीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्हाला जमतं, कारण तुम्हाला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"त्या नव्या हीटरच्या धुराच्या नळीचा जोड सुटतो. बाहेर जायचा धूर खोलीत येतो. आम्हा सगळ्यांना बैठकीत सांगितलं, आणि गावभर बोंब नको म्हणून दमही दिला. तुम्हाला त्या दिवशी ओतारूच्या शाखेत शिकवायला पाठवलं होतं. नंतर सांगायचं नाही म्हणून बजावलं."

नोरिए तडक हिरात्सुकाच्या खोलीत गेली. दार लावायचंही तिला सुचलं नाही.

"मोगी म्हणते ते खरं?"

हिरात्सुकानं क्षणभर डोळे मिटले, मग बोलली. आवाज खोल, संथ, जराही न हलणारा. "खरं आहे. हीटर परत मागवायची तयारी चालू आहे. महिना लागेल. तोवर लोकांना धीर द्यायला कोणीतरी हवं होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"कारण मी तुला ओळखते. मनात शंका आली की तुझा आवाज चढतो, कितीही शिकवलं तरी. बाकीच्यांचं झालं तसं तुझं झालं असतं. बैठकीच्या दिवशी तुला ओतारूला पाठवू या असं मीच सुचवलं."

हिरात्सुकाचा प्रत्येक शब्द जागच्या जागी बसला होता, अगदी जिन्यात शिकवायची तसा. हिनं आपल्याला पायावर उभं केलं आणि हिनंच केसानं गळा कापला. आपल्या भोळेपणाचं भांडवल करून दुसऱ्यांच्या घरात धूर कोंडला. नोरिएला तिला शिवी द्यावीशी वाटली. ती तशीच वळून बाहेर पडली.

जागेवर येऊन तिनं किरिगाया आजोबांना फोन लावला. बाहेर बर्फ पडत होतं. या थंडीत त्यांचा हीटर दिवसभर चालू असणार.

"किरिगाया-सामा, मी साकुमा. हीटर... तो हीटर आत्ताच्या आत्ता बंद करा. धोका आहे, म्हणजे, खिडकी उघडा आधी—" आवाज सरसर वर चढला आणि फाटला.

पलीकडून आजोबा गुरकावले, "कोण बोलतंय?"

"मी साकुमा! खरंच मीच!"

"साकुमा-सान असं किंचाळत नाहीत. पोलीस गावोगाव सांगत फिरतात, फोनवर घाबरवून लुटणाऱ्यांपासून सांभाळा म्हणून. उद्या म्हणशील, नवा हीटर घ्या, पैसे पाठवा. लाज वाटत नाही म्हाताऱ्याला फसवायला? साकुमा-साननी स्वतः सांगितलंय, सुरक्षित आहे." फोन आपटला.

नोरिएनं पहिल्यांदा खरं सांगितलं होतं आणि ते खोटं ठरलं होतं. आजोबांनी भरवसा ठेवला तो तिच्याच जुन्या खोट्यावर. पुन्हा फोन करायचा तर एकच वाट होती, आणि त्या वाटेची तिला किळस येत होती. पण आजोबा त्या धुरात बसले होते. तिनं पाय जमिनीवर टेकवले. अर्धा श्वास सोडला. हिरात्सुकानं शिकवलेलं सगळं, एकेक करून, गळ्यात आणलं.

"किरिगाया-सामा, नमस्कार. साकुमा बोलतेय." ती थांबली. "खिडकी उघडा. हीटर बंद करा. मी फोनवरच थांबते."

"हां, आता कशा साकुमा-सान!" आजोबांचा जीव भांड्यात पडला. "आत्ताच कोणी भामटी तुमचं नाव सांगत होती बघा." खिडकी सरकल्याचा आवाज आला, मग खटका दाबल्याचा. "केला बंद. पण काय झालं? तुम्ही तर म्हणाला होतात, धूळ आहे."

"ते खोटं होतं," नोरिए म्हणाली. सूर खालीच होता, शेवटचा शब्दही खालीच. "मला माहीत नव्हतं. पण ते खोटं होतं."

खिडकीतून वारा आत येत असल्याचं तिला ऐकू येत होतं.

"तेव्हाही," ते हळूच म्हणाले, "तुम्ही अगदी याच आवाजात बोलला होतात."