आत्याची न संपणारी माळ

घरातलं म्हातारं माणूस हाकेला ओ देईनासं झालं, की तुम्ही आधी त्याच्या डोक्यावरच संशय घेता ना?

माझ्या आतेभावानेही तेच केलं. फोनवर म्हणाला, "आईचं डोकं गेलंय. सोमवारी तिला वृद्धाश्रमात ठेवतोय. तू मध्ये पडू नकोस." असं कोणी सांगितलं की मी हमखास पडते. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याच्या दारात उभी राहिले.

आत्याने उभं आयुष्य शर्टांच्या कारखान्यात काजाच्या मशीनवर काढलं. नवरा लवकर गेला, पोर एकटीने वाढवलं. मशीन चालवताना तिचे ओठ हलत असायचे. सुपरवायझरला वाटायचं, ही आपल्याला शिव्या घालतेय. ती शिवाचा पंचाक्षरी मंत्र जपत होती. त्याचा गैरसमज तिने कधी दूर केला नाही, कारण त्यामुळे तो जरा वचकून असायचा.

आता ती खिडकीशी पाटावर बसली होती. उजवा हात गोमुखीत, म्हणजे जपाच्या कापडी पिशवीत. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी हाक मारली. तिने नुसतं पाहिलं.

"बघितलंस?" भाऊ म्हणाला. "पूर्वी चहाआधी एक माळ करायची आणि उठायची. आता दिवसभर हेच. जेवायला बोलावलं तरी मान हलवते."

"आजीबाईंनी कैलासाची नोकरी धरलीय," वहिनी म्हणाली. "सुट्टीच नाही."

मी दोघांवर तोंड सोडलं. जिने तुला वाढवलं तिला टाकतोस, वगैरे. भाऊ शांतपणे म्हणाला, "मग तू ने तुझ्या घरी." मी आत जाऊन पाणी प्यायले. आणि खरं सांगते, आत्याच्या त्या नजरेने मीही हबकले होते.

दुपार टळली तेव्हा तिचा हात थकून थांबला. ती पुटपुटली, "पुरीच होत नाही ग."

"काय पुरी होत नाही?"

"माळ. मध्ये बोलू नये, मध्ये उठू नये. पण शेवटच येत नाही."

मला काही कळेना. तिला बोलती ठेवावी म्हणून विचारलं, "इतकं काय आहे त्या पाच अक्षरांत? शंकर तर संहाराचा देव. त्याच्याकडे काय मागतेस?"

"मागायचं कशाला? नमः म्हणजे नमस्कार, शिवाय म्हणजे शिवाला." ती एकेका बोटाला अंगठा लावत गेली. "न म्हणजे माती. म म्हणजे पाणी. शि म्हणजे अग्नी. वा म्हणजे वारा. य म्हणजे आकाश. यांचंच आपलं शरीर बनतं आणि त्यांच्यातच मोडतं. मोडतो तो शिव. मोडल्याशिवाय नवं कुठून येणार?"

"आणि ओम?"

"तो लावला की सहा अक्षरं होतात. मला गुरूंनी पाचच दिली."

हे सगळं एका दमात. आणि लगेच मला विचारलं, "तू कोणाची ग?"

आता ही शुद्धीत होती की नव्हती, तुम्हीच ठरवा. मला ठरवता आलं नाही.

"मणी कसा ओढतेस, दाखव," मी म्हटलं. तिने माळ बाहेर काढली. मधल्या बोटावर माळ, अंगठ्याने मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लांब. एका मण्याला एक मंत्र. "एकशे आठ झाले की मेरू लागतो," ती म्हणाली. "मोठा मणी. तो ओलांडायचा नाही. तिथे थांबायचं, माळ कपाळाला लावायची. दुसरी माळ करायची असेल तर तिथूनच उलटं फिरायचं."

मी माळ फिरवली. पुन्हा फिरवली. सगळे मणी एकसारखे.

"भाऊ, ही कोणी ओवली?"

"मी. दोरा तुटला होता. मस्त नायलॉन घातलाय, जन्मात तुटणार नाही."

"आणि मोठा मणी?"

"तो गोंड्याचा? तो वर लटकत होता. शोभेचा असेल म्हणून बटणांच्या डब्यात टाकला." मग त्याने माळ माझ्या हातून घेतली आणि मणी चाचपले. पिशवीत हात, मेरू नाही. आई गोल गोल फिरत राहिली होती.

डबा उलटा केला. मेरू मिळाला. भावाने नायलॉन कापला आणि स्वतः माळ पुन्हा ओवली. मध्ये दोनदा मणी सांडले, वहिनीने मुकाट्याने वेचले.

सकाळी आत्या बसली. आम्ही तिघं दारात, चोरासारखे. हात पिशवीत थांबला. माळ बाहेर आली, कपाळाला लागली. "चहा ठेवला का?" तिने विचारलं. वहिनी धावली. चहा पिऊन झाल्यावर आत्याने भावाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही काजाच्या खात्यातले का?"

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

सोमवारी वृद्धाश्रमात कोणी गेलं नाही. पुढच्या सोमवारचं भावालाही माहीत नाही, मलाही नाही. माळ दुरुस्त झाली. आत्या किती दुरुस्त झाली, कोण सांगणार? रोज सकाळी ती चहा मागते, एवढं खरं.

तुमच्या घरात कोणी जपाला बसलं असेल, तर एवढं करा: हाका मारू नका. मेरू येईपर्यंत जवळ बसा, मग काय ते विचारा.