झाडाला पाणी कोण घालणार?

"झाडांना पानी घालाचा कोनी, मेंबरीणबाई? आमचे पोरांना प्यायला नाय!"

वनमहोत्सवाच्या मांडवात मी उद्घाटनाच्या भाषणाला उभी राहते न राहते तोच कोळीवाड्यातली जनाबाई कडाडली. मी त्या वॉर्डाची मेंबर. शाळेत न गेलेली, घरीच अक्षरं गिरवून शिकलेली. भांडायला मात्र कुणाकडून शिकावं लागलं नाही! ते भांडण सांगतेच, पण आधीचे किस्से ऐका. आमच्या मुन्शीपालटीत वनमहोत्सव दर पावसाळ्यात यायचा आणि जाताना झाडाऐवजी किस्सा लावून जायचा.

*

एका वर्षी बड्या पाहुण्यांनी रोप मातीच्या कुंडीसकट खड्ड्यात पुरलं. त्यांना सांगणार कोण? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी माळी तेच रोप उपटत होता. मी ओरडले, तर म्हणतो, "बाई, झाड गेलं तरी चालतं. कुंडी नर्सरीला परत द्यावी लागते."

*

चीफ ऑफिसर घाटावरचे. त्यांनी ओहोटीच्या वेळी खाडीकाठी खड्डे मारून घेतले आणि कार्यक्रम ठेवला अमावस्येला. अध्यक्षांचं भाषण रंगलं, तोवर उधाणाचं पाणी खड्ड्यांत. होडीवाले म्हातारे दादा हळूच म्हणाले, "साहेब, आता यात कोळंबी सोडा."

*

माझं पहिलं भाषण हेडक्लार्कने लिहून दिलं. चार पानं, नुसतं 'वृक्षवल्लरींचे वैभव'! मी ती पानं फाडून करंजाच्या बुडाशी घातली. हेडक्लार्क लाल झाला. म्हटलं, "भाऊ, तुमच्या लिहिण्याचं खत तरी झालं."

*

आता जनाबाई. बंदरापासून बाजारापर्यंतचा रस्ता उघडा बोडका. कोळणी डोक्यावर पाट्या घेऊन उन्हात अनवाणी जायच्या. सावली त्यांनाच हवी होती. पण आदल्या वर्षीची रोपं काटेरी कुंपणात उभी राहून शिमग्यानंतर वाळली. उन्हाळ्यात कोळीवाड्याच्या विहिरी खारट होतात. अध्यक्षांनी बजावलंच होतं, यंदा मेली तर पुढची रोपं दुसऱ्या वॉर्डात.

मी भाषण केलं ते एवढंच: उंडी आणि करंज निवडलेत, खारा वारा सोसतात. खड्डे पावसाआधी खणून शेणखत भरलंय. पण पहिले दोन उन्हाळे गोडं पाणी लागेल.

"तेच इचारते," जनाबाई म्हणाली. "गोडा पानी हाय कुठं, ते सगल्यांना ठावं हाय."

मांडवातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. गोडी विहीर होती आमच्याच घरामागच्या परड्यात, आणि सासऱ्यांच्या वेळेपासून कोळीवाड्याला त्या परड्याचं दार बंद. पहिल्या खुर्चीत माझे थोरले दीर बसलेले. अध्यक्ष कुजबुजले, "नगरपालिका विचार करील म्हणा आणि नारळ फोडा."

मी दिरांकडे पाहिलं नाही. पदर खोचला आणि म्हटलं, "जनाबाई, दसऱ्यापासून पुढचा पाऊस पडेपर्यंत आमच्या परड्याचं दार सताड उघडं राहील, पहिली कळशी झाडाला घाला, बाकीच्या भरून घरी न्या."